उष्णतेच्या लाटेत प्रार्थनेच्या वेळचं भाषण: आदल्या संध्याकाळपासून शाळा सुटेपर्यंत काय, कोणत्या क्रमाने

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत मार्च महिना लागला की उष्णतेच्या इशाऱ्याचं पत्रक येतं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला कुणीतरी त्यावर बोलतं. हे बोलणं बहुतेक वेळा वाया जातं. मुलं उन्हात रांगेत उभी असतात, भाषण पाण्याच्या महतीपासून सुरू होऊन आठ-दहा मिनिटं चालतं आणि शेवटी सांगितलं जातं, "भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका." मग साडेअकराला नळाचं पाणी तोंडाला लाववत नाही इतकं तापलेलं असतं आणि साडेबाराला, डोक्यावर ऊन असताना, शाळाच मुलांना बाहेर सोडते.

मुलांनी ऐकलं नाही असं म्हणण्याआधी हे बघा, की सांगितलेलं करणं त्यांच्या हातात होतं का. म्हणून या लेखात भाषणाचा मजकूर चौथ्या टप्प्यावर येतो. आधीचे तीन टप्पे झाले नसतील तर मजकूर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

उदाहरणासाठी चिकोडी तालुक्यातली एक मराठी उच्च प्राथमिक शाळा धरू. पहिली ते सातवी, 180 मुलं, अंगणात चार नळ, गच्चीवर काळी टाकी. मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळची शाळा आठ ते साडेबारा. काही मुलं गावातली, काही दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या वस्तीवरून चालत येणारी.

## टप्पा 1: आदल्या संध्याकाळी इशारा नीट वाचा

व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फोटोवरून भाषण लिहू नका. तो फोटो कधी गेल्या वर्षीचा असतो, कधी विदर्भाचा. भारतीय हवामान खात्याच्या mausam.imd.gov.in या संकेतस्थळावर जिल्हावार इशारे दिसतात. बेळगाव जिल्हा तिथं उत्तर आंतरिक कर्नाटक या विभागात येतो. सीमेपलीकडे कोल्हापूर किंवा सांगलीसाठी दिलेला इशारा आपल्याला लागू होईलच असं नाही. आपल्याकडे मराठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या तिकडच्याच बातम्या जास्त देतात, त्यामुळे ही गल्लत फार होते.

वाचताना तीन गोष्टी टिपून घ्या: जिल्ह्याचं नाव, कोणत्या तारखांसाठी, आणि रंग कोणता. पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. भाषणात यातलं एकच वाक्य जाणार आहे, पण ते खरं असलं पाहिजे.

तापमानाच्या आकड्याच्या मागे लागू नका. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त चढलं असेल, तर हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं. शिवाय हे तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. मैदानात खेळणाऱ्या पोराच्या अंगावर उन्हाचा ताप त्याहून जास्त पडतो. त्यातच एका जिल्ह्यात खानापूरचं जंगल आहे आणि अथणी-रायबागचं कोरडं माळरानही आहे. खानापुरातल्या शाळेत "आज 42 अंश आहे" असं ठोकून दिलं आणि मुलांच्या घरच्या मोबाइलवर 37 दिसलं, की पुढचं सगळं भाषण खोटं ठरतं.

सावधान: आपल्या भागात 38 अंशच आहे, म्हणजे लाट नाही, म्हणजे काही करायला नको, असा उलटा अर्थ काढू नका. भर दुपारी दोन तास खो-खो खेळणाऱ्या मुलाला 38 अंशांतही भोवळ येते.

## टप्पा 2: पाणी मोजा, नळ बघा, संडास उघडा

हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा टाळला जातो.

किती पाणी लागेल? सकाळच्या शाळेत चार वेळा पाणी प्यायचं असं ठरवू. दर वेळी साधारण एक पेला, म्हणजे 200 मिली. एका मुलाला 800 मिली, तर 180 मुलांना 144 लिटर. पेले विसळणं, सांडणं धरून 160 लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ जार. पहिली-दुसरीची मुलं अर्धाच पेला पितील, ते उरलेलं पाणी सातवीला कामी येईल.

किती वेळ लागेल? इथंच पाण्याची घंटा फसते. 180 मुलं आणि चार नळ म्हणजे एका नळावर 45 मुलं. एका मुलाला वीस सेकंद धरले तरी पंधरा मिनिटं लागतात. घंटा असते पाच मिनिटांची. मग दांडगी पोरं पुढे घुसतात, पहिलीची मुलं मागे राहतात आणि सगळ्यांनी ओंजळीनं दोन घोट घेऊन परत वर्गात पळायचं, एवढंच होतं. शिवाय पंधरा मिनिटं रांग उन्हात उभी.

यावर सोपा उपाय म्हणजे पाणी वर्गात नेणं. आपल्या उदाहरणात दर वर्गात पंचवीसच्या आसपास मुलं आहेत. पंचवीस मुलं, चार वेळा, 200 मिली, म्हणजे बरोबर वीस लिटर, म्हणजे वर्गाला एक जार किंवा एक मोठा माठ. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि दोन मुलं ओतायला नेमा. माठात पेला किंवा हात बुडवू द्यायचा नाही, नाहीतर उन्हाळ्याबरोबर जुलाबही येतात. ज्यांच्याकडे बाटली आहे त्यांनी बाटलीत घ्यावं, बाकीच्यांसाठी स्टीलचे पेले. गावात शुद्ध पाण्याचं केंद्र असेल तर शाळेच्या देखरेख समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या सदस्याला सांगून सकाळी साडेसातलाच जार भरून आणायला सांगा. भाषणाच्या दिवशी सकाळी ऐनवेळी फोन केला तर जार दहाच्या आधी येत नाहीत.

पाणी पिण्याजोगं आहे का, ते साडेअकराला बघा. शाळा भरताना सगळ्याच नळांना गार पाणी येतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उघड्या पाइपातलं पाणी उन्हं चढली की तापतं. आदल्या दिवशी साडेअकराला जाऊन स्वतः नळाखाली हात धरा. हाताला चटका बसत असेल तर ते पाणी कुठलंही मूल पिणार नाही, भाषण कुणीही केलेलं असो. अशा शाळेत माठ सकाळी साडेसातला भरून वर्गाच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवणं एवढाच मार्ग आहे.

मुलींचा संडास. मोठ्या मुली शाळेत पाणी पीत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. संडासाला कुलूप, किल्ली ऑफिसात, आत पाणी नाही, कडी लागत नाही. अशा वेळी सहावी-सातवीच्या मुली सकाळी घरून निघताना पाणी टाळतात आणि घरी जाईपर्यंत दाबून धरतात. मुलांच्या रांगेसमोर त्या हे कधी बोलणार नाहीत. म्हणून भाषणाच्या आदल्या दिवशी एखाद्या बाईंनी मुलींना वेगळं बसवून विचारावं, आणि त्या सांगतील ते त्याच दिवशी दुरुस्त करावं. कडी लावायला आणि दोन बादल्या भरून ठेवायला निधी लागत नाही.

तपासा: वर्गागणिक माठ किंवा जार आहे. ओतणारी मुलं नेमली आहेत. संडास उघडा आहे, आत पाणी आहे. या तीनपैकी एकही गोष्ट राहिली असेल तर ती आधी पुरी करा, मग भाषण लिहायला घ्या.

## टप्पा 3: साडेबाराला मुलं घरी कशी जाणार ते ठरवा

सकाळची शाळा केली म्हणजे ऊन टळलं असं आपण धरून चालतो. बेळगाव भागात मार्च-एप्रिलमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नाही, साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान. म्हणजे साडेबाराला सुटणारी शाळा मुलांना थेट उन्हाच्या सगळ्यात कडक वेळेत रस्त्यावर आणते. हवेचं तापमान तर त्यानंतरही चढत राहतं आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला सगळ्यात जास्त होतं. "बारा ते तीन बाहेर पडू नका" हे सांगणारा आणि साडेबाराला फाटक उघडणारा माणूस एकच असेल, तर मुलं त्यातलं कोणतं खरं मानतील?

वेळ बदलणं शिक्षकाच्या हातात नाही, ते शिक्षण खात्याच्या आदेशानं होतं. मुख्याध्यापकांनी इशाऱ्याची प्रत जोडून तशी विनंती जरूर करावी. पण आदेश येईपर्यंत हातात असलेल्या गोष्टी ठरवता येतात.

गावातली, दहा मिनिटांत घरी पोहोचणारी मुलं गल्लीवार गटानं सोडा. धाकट्या भावंडाला थोरल्यानं बरोबर न्यायचं. वस्तीवरच्या मुलांची यादी वेगळी काढा. दोन किलोमीटर चालायला लहान मुलाला अर्धा तास लागतो. त्यांच्या पालकांना आदल्या संध्याकाळीच फोन करून गाडीनं न्यायला येता येईल का ते विचारा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी वाटेतलं सावलीचं ठिकाण आणि पाण्याचं घर ठरवून द्या: डेअरीजवळचा कडुलिंब, तिथं पाच मिनिटं थांबायचं, मग अमक्यांच्या घरी पाणी प्यायचं. त्या घरच्यांनाही सांगून ठेवा. मुलांना शाळेतच थांबवून घ्यायचं असेल, तर त्यांच्याजवळ कोण शिक्षक थांबणार हे नावानिशी ठरलेलं हवं.

बसनं जाणाऱ्यांसाठी शेडचा प्रश्न असतो. स्टॉपवर छप्पर नसेल तर बसची वेळ होईपर्यंत मुलांना शाळेच्या व्हरांड्यातच बसवा आणि दहा मिनिटं आधी सोडा. अनवाणी येणारी मुलं कोण, हेही याच यादीत लिहा. दुपारचं डांबर तळव्याला फोड आणतं.

सावधान: अक्षर दासोह योजनेतलं शाळेतलं जेवण झाल्या झाल्या, हात धुतले की मुलं मैदानात पळतात. भाषणात "दुपारी खेळू नका" म्हणायचं असेल तर त्या वीस मिनिटांत त्यांनी कुठं बसायचं तेही ठरवून ठेवा.

## टप्पा 4: आता भाषण लिहा

वेळ तीन मिनिटं. मुलांशी सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे साडेतीनशे शब्दांच्या आत. क्रम असा ठेवा: आज काय इशारा आहे, पाणी केव्हा आणि कुठं, ऊन कधी टाळायचं आणि घरी कसं जायचं, बरं वाटेनासं झालं तर काय. सुरुवातीला सुविचार नको, श्लोक नको. पहिल्या अर्ध्या मिनिटात मुलांचं लक्ष असतं, ते आजच्या बातमीवर खर्च करा.

लहान मुलांना घड्याळ कळत नाही आणि सुटीत मैदानावर घड्याळ नसतंही. त्यांना सावली दाखवा. आपल्या भागात या दिवसांत साधारण अकरा ते सव्वादोन माणसाची सावली त्याच्या निम्म्या उंचीपेक्षाही आखूड असते, आणि ती पुन्हा त्याच्या उंचीएवढी लांब होते तेव्हा जवळजवळ साडेतीन वाजलेले असतात. एक मीटरची काठी उभी करून आदल्या दिवशी स्वतः मोजून बघा, पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल तेवढाच. "दुपारी सावली तुमच्याएवढी लांब झाल्याशिवाय खेळायला बाहेर नाही" हा नियम पहिलीच्या मुलालाही पाळता येतो. ढग असले की मात्र तो चालत नाही, मग घरातल्या मोठ्यांना विचारायचं.

आपल्या शाळेचं भाषण असं होईल:

> मुलांनो, आहात तिथं खाली बसा. मी तीनच मिनिटं बोलणार आहे.
>
> हवामान खात्यानं आपल्या बेळगाव जिल्ह्यासाठी आज आणि उद्या उष्णतेच्या लाटेचा नारिंगी इशारा दिला आहे. म्हणून आजपासून शाळेत दोन गोष्टी बदलल्या आहेत.
>
> पहिली पाण्याची. आज चार वेळा पाण्याची घंटा होईल. नऊला, दहाला, अकराला आणि घरी निघायच्या आधी. ती अशी वाजेल. (तीन टोले.) ती वाजली की वही मिटायची आणि पाणी प्यायचं, तहान असो नसो. मोठ्यांनी एक पेला, पहिली-दुसरीनं अर्धा. पाणी तुमच्या वर्गातच आहे, नळावर पळायचं नाही. मध्ये तहान लागली तर घंटेची वाट बघू नका, उठा आणि प्या. लघवीला जायचं असेल तर लगेच जा, आज कुणी अडवणार नाही. दोन्हीकडचे संडास उघडे आहेत, आत पाणी भरलेलं आहे.
>
> दुसरी उन्हाची. आज जेवण झाल्यावर मैदानात कुणी जायचं नाही, व्हरांड्यात बसायचं. शाळा सुटल्यावर गल्लीवार गट करून जायचं. डोक्यावर टोपी, टॉवेल, ओढणी, जे असेल ते. मळ्यातल्या मुलांनी डेअरीच्या कडुलिंबाखाली थांबायचं. घरी गेल्यावर तुमची सावली तुमच्याएवढी लांब होईपर्यंत बाहेर खेळायचं नाही. आणि गार वाटावं म्हणून मोठ्या माणसाशिवाय विहिरीवर, कॅनॉलवर, नदीवर जायचं नाही.
>
> डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, पायात गोळे आले, तर लगेच सांगा. वर्गात असाल तर बाईंना, सरांना. वाटेत असाल तर जवळच्या घरात. बरोबरचा मुलगा खाली पडला किंवा काहीतरीच बोलायला लागला, तर एकानं त्याच्याजवळ सावलीत थांबायचं आणि दुसऱ्यानं मोठ्या माणसाला बोलवायला पळायचं. त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.
>
> आता तुम्ही सांगा. पाण्याची घंटा कशी वाजते? घंटा झाली की काय करायचं? खेळायला बाहेर कधी पडायचं?

शेवटचे तीन प्रश्न वगळू नका. सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हणणं हे उत्तर धरू नका. तिसरीतल्या एका मुलाला उभं करून विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर ते वाक्य तुम्ही अवघड करून सांगितलं आहे. पुन्हा सांगा.

विहिरीचं वाक्य काहींना विषयाबाहेरचं वाटेल. पण ऊन टाळा म्हटलं की घटप्रभा, दूधगंगा, कृष्णेच्या काठच्या गावांत मुलांना पहिली आठवते ती पोहायची जागा. उन्हापासून वाचवताना त्यांना पाण्याकडे ढकलायचं नाही, म्हणून ते वाक्य तिथं आहे.

### भाषणात नेहमी घुसणाऱ्या चुका

"दिवसाला चार लिटर पाणी प्या." मोठ्या माणसाचा आकडा पहिलीच्या मुलाला लावू नका. मुलांना लिटर समजत नाहीत, घंटा आणि पेला समजतो. मोठ्या मुलांना खूण द्यायची असेल तर लघवीचा रंग सांगा: फिकट असेल तर पाणी पुरतंय, गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर कमी पडतंय.

"उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये." हे घरोघरी सांगितलं जातं आणि मुलं तहान दाबून बसतात. सावलीत बसून साधं पाणी घोट घोट प्यायला हरकत नाही, बर्फाचं मात्र ढसाढसा नको. भाषणात हे एका वाक्यात सरळ सांगा, घरच्यांना चूक ठरवू नका.

"ओआरएस प्या." साखर-मिठाच्या या पावडरीची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. मुलं ती एका पेल्यात कालवतात आणि ते पाणी नको तितकं खारट होतं, ते पोटाला बाधतं. म्हणून मुलांना ओआरएस करायला सांगू नका, ते शिक्षकांकडे ठेवा आणि पुडीवर लिहिलेल्या मापानंच करा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचा लहान चमचा. घरून आणायला सांगायचंच तर ताक, आंबील, कोकम सरबत किंवा पन्हं सांगा. दुकानातलं कोल्ड्रिंक पाण्याची जागा भरून काढत नाही, हे मात्र नाव घेऊन सांगावं लागतं, कारण मुलांच्या हिशेबात तेही पाणीच असतं.

रमजानचे रोजे याच दिवसांत आले तर सगळ्यांसमोर कुणाकडे बोट दाखवू नका. पाण्याच्या घंटेला कुणी पीत नसेल तर का म्हणून वर्गात विचारू नका. अशा मुलांना उन्हातल्या खेळापासून, कामापासून सूट द्या, आणि चक्कर आली तर लगेच सांग, असं एकट्याला गाठून सांगा. एकादशीचा उपास धरणाऱ्यांनाही हेच.

कानडी शाळा आणि मराठी शाळा एकाच आवारात असेल तर भाषण दोनदा करू नका, वेळ दुप्पट होतो आणि निम्मी मुलं ऐकत नाहीत. मराठीत बोला आणि नियमाची दोन वाक्यं कानडी शिक्षकांकडून म्हणवून घ्या: "नीरु कुडियिरी," म्हणजे पाणी प्या, आणि "बिसिलल्ली होगबेडी," म्हणजे उन्हात जाऊ नका. दोन्हीकडची घंटा एकच ठेवा.

## टप्पा 5: बोलायची जागा आणि पद्धत

प्रार्थना व्हरांड्यात किंवा झाडाखाली घ्या. तेवढी जागा नसेल तर वर्गावर्गात घ्या, प्रत्येक वर्गशिक्षकानं हेच भाषण वाचावं. मुलं उभी नकोत, बसलेली हवीत. न खाता-पिता आलेलं मूल रांगेत ताटकळत उभं राहिलं की सकाळी आठच्या उन्हातही कोसळतं, आणि पाण्यावरच्या भाषणात मूल पडलं तर बाकीच्यांना तेवढंच आठवतं.

सूर्य तुमच्या पाठीमागे असेल तर मुलांच्या डोळ्यांवर ऊन येतं, ती मान खाली घालतात. बाजू बदला. स्वतःची पाण्याची बाटली हातात ठेवा आणि भाषण संपल्यावर सगळ्यांदेखत प्या. तीन टोल्यांची घंटा तोंडानं सांगू नका, शिपायाकडून खरोखर वाजवून घ्या. तास संपल्याच्या घंटेपेक्षा ती वेगळी वाजली पाहिजे.

तपासा: भाषण देणाऱ्याशिवाय आणखी एक शिक्षक रांगांमधून फिरत आहे. त्याचं काम फक्त चेहरे बघणं. पांढरा पडलेला, घामेजलेला, डुलणारा चेहरा दिसला की त्या मुलाला सावलीत न्यायचं, भाषण चालू राहू द्यायचं.

### मूल खरंच आजारी पडलं तर

घाम फुटलेला, डोकं दुखतंय, मळमळतंय, पण शुद्धीवर आहे आणि नीट बोलतंय: सावलीत आडवं करा, बूट-मोजे काढा, गळ्याचं बटण सोडा, ओल्या कापडानं अंग पुसा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार नसेल किंवा उलट्या होत असतील तर दवाखाना.

अंग भाजतंय, बोलणं असंबद्ध, ओळख पटत नाही, झटके येतात किंवा शुद्ध हरपली आहे: हा उष्माघात. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाच्या सगळ्या अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत, मानेवर आणि जांघेत ठेवा. तोंडातून काही देऊ नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. खेळता खेळता पडलेल्या मुलाला घाम असूनही तो होऊ शकतो. बोलणं भरकटलं की घामाकडे बघत न बसता फोन करा.

## टप्पा 6: त्याच दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी

पहिल्या घंटेला दोन वर्गांत डोकावा. पाच मिनिटांत सगळ्यांचं पिऊन झालं का? झालं नसेल तर ओतणारी मुलं दोनाची चार करा. अकराच्या घंटेनंतर माठ बघा. तिसरीचा माठ निम्मा भरलेला आणि सातवीचा रिकामा असेल, तर तिसरीत घंटा झाल्यावरही शिकवणं थांबलेलं नाही. त्या वर्गाच्या बाईंशी किंवा गुरुजींशी बोला, मुलांशी नाही.

सुटण्याच्या वेळी फाटकावर उभे राहा. गट खरंच गटानं जातात का, वस्तीवरची मुलं डोकं झाकून आहेत का, ते तिथंच कळतं. टोपी नसलेल्यांसाठी शाळेत पाच-दहा जुने सुती टॉवेल ठेवले तर तिथल्या तिथं देता येतात.

दुसऱ्या दिवशी इशारा कायम असेल तर तेच भाषण पुन्हा करू नका. तीस सेकंद पुरतात: इशारा आजही आहे, घंटा त्याच, काल वाटेत कुणाला त्रास झाला का? हात वर येतील, त्यांचं ऐका. मळ्यातलं एखादं मूल सांगेल, "सर, कडुलिंबाखाली काल ट्रॅक्टर लावला होता, सावलीच नव्हती." मग थांबायची जागा बदला आणि ती सगळ्यांना सांगा.

इशारा उठला तर तेही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी मुलांना नवा इशारा आणि जुना इशारा यात फरक राहत नाही. पाण्याची घंटा मात्र उन्हाळी सुटी लागेपर्यंत चालू ठेवा. कर्नाटकातल्या शाळा मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पलीकडच्या महाराष्ट्रातल्या शाळांच्या आधी उघडतात. पाऊस लांबला असेल तर पहिल्याच आठवड्यात हे सगळं पुन्हा लागतं, आणि तेव्हा पहिलीच्या वर्गात घंटा माहीत नसलेली नवी मुलं असतात. वर्गागणिक माठ, ओगराळं आणि वस्तीवरच्या मुलांची यादी सुटीआधी कपाटात ठेवताना त्यावर "जून" अशी चिठ्ठी लावून ठेवा.